एक्झिट पोल, ओपिनियन पोल आणि जागांचा हिशेब : व्यापाऱ्याने किती भरवसा ठेवावा?

निवडणुका जवळ आल्या की बाजारात दुकानाच्या गादीवर बसून कोणाचे राज्य येणार याच्या चर्चा रंगतात. चहा पिताना झालेली चर्चा चहाबरोबर संपली तर काही बिघडत नाही. पण त्या चर्चेवर माल भरला जातो, पैसे अडकवले जातात किंवा हातातला सौदा सोडला जातो, तेव्हा ती चर्चा हिशेबाच्या वहीत येते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडत आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे शेवटचे मतदान १ जून रोजी, शनिवारी झाले. त्या संध्याकाळी साडेसहानंतर सगळ्या वाहिन्यांनी एक्झिट पोल दाखवले आणि बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला, म्हणजे एनडीएला, ३५० च्या वर जागा दिल्या. सोमवारी, ३ जूनला शेअर बाजार उघडला आणि सेन्सेक्स एका दिवसात सुमारे २५०० अंशांनी चढून ७६,४६८ वर बंद झाला. मंगळवारी, ४ जूनला मतमोजणी झाली. एनडीएला २९३ जागा मिळाल्या आणि सेन्सेक्स ४३८९ अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. शुक्रवारी एक्झिट पोलच्या आधी बाजार जेथे होता, त्याच्याही खाली तो गेला.

आमच्या ओळखीतल्या एका तरुण कापड व्यापाऱ्याने त्या सोमवारी सुताच्या पेमेंटसाठी ठेवलेले चार लाख रुपये सरकारी कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले. पेमेंट बुधवारी द्यायचे होते. मंगळवारी भाव पडले आणि बुधवारचा वायदा तोंडावर असल्यामुळे त्याला पडत्या भावात विकावे लागले. जवळजवळ पन्नास हजारांचा फटका बसला. गंमत अशी की त्याच आठवड्याच्या शुक्रवारी, ७ जूनला, सेन्सेक्स सोमवारच्याही वर जाऊन ७६,६९३ वर बंद झाला. ज्यांचे पैसे स्वतःचे आणि मोकळे होते ते वाचले. ज्याचे पैसे दुसऱ्याच्या देण्याचे होते तो मारला गेला. तो मला म्हणाला, "चाचा, सगळे चॅनल एकच सांगत होते." मी म्हटले, "बेटा, दहा दलालांनी एकाच गाठीतला नमुना दाखवला म्हणजे दहा गाठी तपासल्या असे होत नाही."

दोन चाचण्या, दोन वेगळे प्रश्न

ओपिनियन पोल म्हणजे जनमत चाचणी. ती मतदानाच्या आधी होते. चाचणी करणारा माणूस घरी, दुकानावर किंवा फोनवर विचारतो, "तुम्ही मत कोणाला देणार?" हा भविष्यातल्या कामाबद्दलचा प्रश्न आहे. उत्तर देणारा आज एक सांगतो आणि मतदानाच्या दिवशी दुसरे करतो. कधी उमेदवार जाहीर व्हायचा असतो, कधी आघाडी फुटते, कधी त्याचे मनच बदलते. शिवाय उत्तर देणाऱ्यांपैकी कितीतरी जण मतदानाला जातच नाहीत. आपल्या देशात शंभरातले तीस-पस्तीस मतदार सहसा घरी राहतात. ओपिनियन पोलमध्ये मात्र त्यांचेही मत धरले जाते.

एक्झिट पोल म्हणजे मतदानोत्तर चाचणी. ती मतदानाच्या दिवशीच मतदान केंद्राबाहेर होते. मत देऊन बाहेर पडणाऱ्याला विचारतात, "तुम्ही मत कोणाला दिले?" हा झालेल्या कामाबद्दलचा प्रश्न आहे. जो मत देत नाही तो आपोआप बाहेर राहतो आणि मन बदलण्याचा प्रश्न उरत नाही. व्यापारी भाषेत सांगायचे तर ओपिनियन पोल म्हणजे गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेली ऑर्डर आणि एक्झिट पोल म्हणजे दुकानातून बिल करून बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकाला विचारलेली खरेदी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पक्की आहे यात शंका नाही. पण तीही दुकानाचा गल्ला मोजल्यासारखी नाही. गल्ला फक्त मतमोजणीलाच मोजला जातो.

कायदाही या दोहोंत फरक करतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६अ प्रमाणे पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल घेऊन जाहीर करण्यास बंदी आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणूनच २०२४ साली १९ एप्रिलपासून १ जूनच्या साडेसहापर्यंत सात टप्पे उलटले तरी कोणाला आकडे दाखवता आले नाहीत. ओपिनियन पोलवर एवढी लांब बंदी नाही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत तो वाहिन्यांवर दाखवता येत नाही. तेव्हा टप्प्यांच्या मधल्या दिवसांत कोणी मोबाइलवर "एक्झिट पोलची आतली खबर" पाठवली तर ती बेकायदा तरी असते किंवा बनावट तरी. दोन्ही बाबतीत तिच्यावर सौदा करू नये.

मतदान केंद्राबाहेर काय घडते

चांगली संस्था आधी मतदारसंघ निवडते, मग त्यातली केंद्रे निवडते आणि मग प्रत्येक केंद्राबाहेर ठरावीक अंतराने, समजा दर दहाव्या मतदाराला, थांबवते. काही संस्था मतपत्रिकेसारखा कागद हातात देऊन तो पेटीत टाकायला सांगतात, म्हणजे तोंडाने नाव घ्यावे लागत नाही.

प्रत्यक्षात मात्र प्रत्येक पायरीवर गळती होते. दहावा मतदार घाईत असतो आणि निघून जातो, म्हणून अकरावा घेतला जातो. स्त्रिया घोळक्याने बाहेर पडतात आणि बोलत नाहीत, म्हणून पुरुष जास्त येतात. चाचणी करणारा मुलगा सकाळी ताजातवाना असतो आणि चारनंतर परत जातो. यंत्रमागावर पाळी करणारा कारागीर, हमाल किंवा रोजंदार मात्र संध्याकाळीच मतदानाला येतो. त्याचे मत मोजले जाते, पण चाचणीत येत नाही. सगळ्यात मोठी गळती भीतीची. गावात ज्याचा जोर असेल त्याचे नाव सांगणे सोयीचे असते, म्हणून दुबळा माणूस गप्प राहतो किंवा खोटे सांगतो. ही चूक जास्त माणसे विचारून भरून निघत नाही. गाठीच्या वरच्या ताग्यातून दहा तुकडे कापले तरी खालच्या ताग्यातला डाग कळत नाही, तसे हे आहे.

मतांवरून जागा कशा काढतात

आता मुख्य गोष्ट. चाचणीतून मिळते ती मतांची टक्केवारी. जागा चाचणीतून मिळत नाहीत, त्या टक्केवारीवरून काढाव्या लागतात आणि चूक येथे अनेक पटींनी वाढते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका भागात दहा जागा आहेत. मागच्या वेळी 'अ' पक्षाने सात जिंकल्या आणि 'ब' पक्षाने तीन. 'अ' ची त्या सात जागांवरची आघाडी मतांच्या टक्क्यांत अशी होती : १, ३, ५, ७, ११, १५ आणि २०. या वेळी चाचणी म्हणते की 'अ' ची दोन टक्के मते 'ब' कडे सरकली आहेत. दोन टक्के एकाकडून गेले आणि दुसऱ्याकडे आले म्हणजे आघाडी चार टक्क्यांनी घटते. म्हणून १ आणि ३ टक्क्यांनी जिंकलेल्या दोन जागा जातात आणि 'अ' कडे ५ उरतात. वाहिनीवर दिसते : 'अ' ५, 'ब' ५.

पण चाचणीत दोन टक्क्यांची चूक सहज असते. समजा खरे तर काहीच मते सरकली नाहीत. मग 'अ' च्या ७ जागा कायम राहतात. समजा दोनऐवजी चार टक्के सरकली. मग आघाडी आठ टक्क्यांनी घटते, १, ३, ५ आणि ७ च्या चार जागा जातात आणि 'अ' कडे फक्त ३ उरतात. म्हणजे मतांत दोन टक्क्यांची चूक झाली तर जागा तीनपासून सातपर्यंत कोठेही असू शकतात. ११, १५ आणि २० टक्क्यांच्या जागा मात्र कोणत्याही हिशेबात 'अ' च्याच राहिल्या. यातून एक नियम निघतो. लढत एकतर्फी असेल तेथे जागांचा अंदाज बरोबर येतो आणि लढत अटीतटीची असेल तेथेच तो फसतो. नेमकी तेथेच आपल्याला त्याची गरज असते.

२०२४ चा हिशेब उलगडून पाहू

हा नियम २०२४ ला लावून पाहा. इंडिया टुडे आणि अ‍ॅक्सिस माय इंडिया यांच्या एक्झिट पोलने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ आल्या. म्हणजे खालच्या आकड्यापासूनही ६८ जागांचा फरक पडला. एवढी चूक सगळ्या देशात सारखी पसरली होती का? नाही.

मध्य प्रदेशात २९ पैकी २८-२९ जागा सांगितल्या होत्या आणि भाजपला २९ च्या २९ मिळाल्या. गुजरातेत २५-२६ सांगितल्या होत्या आणि २५ आल्या. तेथे लढत एकतर्फी होती. याउलट उत्तर प्रदेशात ६७ ते ७२ सांगितल्या होत्या आणि ३६ आल्या. पश्चिम बंगालमध्ये भाजपला २६ ते ३१ सांगितल्या होत्या आणि १२ आल्या. आपल्या महाराष्ट्रात महायुतीला २८ ते ३२ सांगितल्या होत्या आणि १७ आल्या. खालचे आकडे धरून या तीन राज्यांतली तूट मांडा : ३१, १४ आणि ११, एकूण ५६. म्हणजे ६८ पैकी ५६ जागांची चूक फक्त तीन राज्यांत आहे.

महाराष्ट्रात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, तरी दोन्ही आघाड्यांच्या मतांतला फरक एक टक्क्याच्या आत होता. उत्तर प्रदेशातही दोन आघाड्यांची मते जवळपास सारखीच होती. एवढा बारीक फरक मतदान केंद्राबाहेर उभे राहून पकडणे कोणाच्याही हातात नाही. मुंबई वायव्य मतदारसंघात त्या वर्षी निकाल ४८ मतांनी लागला. तेथे विजेता कोण हे आधी सांगणे म्हणजे छापा-काटा करणे होय.

धुळे आणि मालेगावचा धडा

आपल्या कापडवाल्या मंडळींना जवळचे उदाहरण धुळे मतदारसंघाचे आहे. यात विधानसभेचे सहा भाग आहेत आणि त्यांपैकी एक म्हणजे यंत्रमागांचे मालेगाव मध्य. २०२४ मध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे सुभाष भामरे यांचा ३८३१ मतांनी पराभव केला. दोघांनाही पावणेसहा लाखांच्या वर मते होती. भामरे यांना पाच भागांत मिळून सुमारे एक लाख नव्वद हजारांची आघाडी होती. एकट्या मालेगाव मध्यने बच्छाव यांना सुमारे एक लाख चौऱ्याण्णव हजारांची आघाडी दिली.

आता एखाद्या संस्थेने या मतदारसंघात ४०० मतदारांना विचारले असे धरू. मालेगाव मध्यची मते एकूण मतांच्या साधारण एक-षष्ठांश, म्हणजे ४०० मध्ये सुमारे ६७ माणसे तेथली हवीत. समजा दुपारच्या उन्हात एका केंद्राबाहेर काम आटोपते घेतले आणि ६७ ऐवजी ६० माणसे विचारली गेली. राहिलेली सात माणसे बाकीच्या पाच भागांतून भरून काढली. सगळ्यांनी खरे उत्तर दिले तरी बच्छाव यांची निसटती आघाडी नाहीशी होते आणि भामरे दीड-दोन टक्क्यांनी पुढे दिसतात. ४०० पैकी सात माणसांनी विजेता बदलला. यात ना कट ना लबाडी, फक्त नमुना थोडा कमी कापला गेला. त्याच मालेगाव मध्यमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेचा निकाल १६२ मतांनी लागला, हेही ध्यानात ठेवावे.

"मुस्लिम मते कोणाकडे?" हा रकाना

वाहिन्यांवर जागांच्या शेजारी आणखी एक तक्ता असतो : अमक्या समाजाची इतकी टक्के मते अमक्या पक्षाला. आपल्या समाजाबद्दल त्यावरून बरीच चर्चा होते आणि कधी दोषही दिला जातो. त्याचा हिशेब असा आहे. महाराष्ट्रात मुसलमान २०११ च्या जनगणनेप्रमाणे साधारण साडेअकरा टक्के आहेत. १००० माणसांच्या चाचणीत ते ११५ च्या आसपास येतात. १००० च्या नमुन्यात नुसत्या योगायोगाची चूक तीन टक्के इकडे-तिकडे धरतात. ११५ च्या नमुन्यात तीच नऊ टक्क्यांवर जाते. म्हणजे तक्त्यात ७० टक्के लिहिले असेल तर खरा आकडा ६१ ही असू शकतो आणि ७९ ही. त्यात हे ११५ लोक दोन-चार मोहल्ल्यांतलेच असतील तर चूक आणखी वाढते. अनोळखी माणसाला खरे न सांगण्याची भीती आपल्याकडे जास्त आहे ती वेगळीच. "मागच्यापेक्षा पाच टक्के मुस्लिम मते हलली" असे कोणी अशा तक्त्यावरून सांगितले तर त्या पाच टक्क्यांना काही अर्थ नसतो.

मग आकडा वाचावा कसा?

काही लोक म्हणतात की एक्झिट पोल नेहमी एकाच बाजूला झुकतो, म्हणून त्यातून ठरावीक जागा वजा कराव्यात. तेही बरोबर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात एक्झिट पोलनी काँग्रेसचे राज्य सांगितले आणि ९० पैकी ४८ जागा भाजपने घेतल्या. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात बहुतेकांनी महायुती पुढे दाखवली. दिशा बरोबर आली, पण २३० च्या आसपास जागा येतील एवढी मोठी लाट बहुतेकांना दिसली नाही. जूनमध्ये चूक एका बाजूला झाली आणि वर्षअखेरीला दुसऱ्या बाजूला. चुकीची दिशा आधी कळत असती तर ती चूकच राहिली नसती.

म्हणून आकडा समोर आला की आधी मतांची टक्केवारी शोधावी. जो फक्त जागा सांगतो आणि मते सांगत नाही, त्याने ताग्याची लांबी न सांगता नुसता भाव सांगितला असे समजावे. मग दोन मोठ्या पक्षांतला फरक पाहावा. तो सात-आठ टक्के असेल तर कोण पुढे हे सहसा बरोबर ठरते, जागा किती हे मात्र तेव्हाही नाही. फरक तीन टक्क्यांच्या आत असेल तर त्या राज्याचे जागांचे आकडे वाचू नयेत. "३६१ ते ४०१" असा पट्टा दिला असेल तर खालचा आकडाही पक्का समजू नये, कारण तो पट्टा संस्थेने आपल्याच हिशेबावरून काढलेला असतो. आणि पाच वाहिन्या एकच बोलत असतील तर पाच साक्षीदार मिळाले असे मानू नये. सगळे त्याच रस्त्यावर त्याच वेळी उभे होते आणि जो गप्प राहिला तो पाचही जणांपुढे गप्प राहिला.

व्यापाराचे बोलायचे तर एक्झिट पोल आणि मतमोजणी यांच्यामध्ये बहुधा दोन-तीन दिवसांचेच अंतर असते. एवढ्या दिवसांत सूत सडत नाही आणि कापड पळून जात नाही. जो सौदा दोन दिवस थांबू शकतो तो थांबवावा. जो थांबू शकत नाही तो गिऱ्हाइकाची मागणी पाहून करावा, वाहिनीवरचा आकडा पाहून नाही. दुसऱ्याच्या देण्याचे पैसे तर मुळीच हलवू नयेत, ती अमानत आहे. जागांच्या आकड्यावर जो सट्टा लागतो, त्याला चाचणीचे नाव दिले तरी तो जुगारच आहे आणि तो आपल्याला हराम आहे.

त्या तरुणाने आपले पन्नास हजार पुढच्या सीझनला उधारी आवरून हळूहळू भरून काढले. आता निवडणूक आली की तो मला फोन करतो आणि जागा विचारत नाही. विचारतो, "चाचा, मतांतला फरक किती दाखवतात?" फरक तीनच्या आत आहे असे कळले की फोन ठेवतो आणि दुकान उघडतो.